आधी मोजा, मग वेगळा करा

ओल्या कचऱ्याला हिरवा डबा आणि सुक्याला निळा, ही जोडी आता बहुतेक शाळांच्या व्हरांड्यात दिसते. वर्षभराने झाकणे उघडून पाहिली, तर अनेक ठिकाणी दोन्ही डब्यांत तोच ऐवज असतो. केळीची साल, वहीची फाडलेली पाने, वेफर्सची पाकिटे, शार्पनरचा भुसा आणि त्या सगळ्यावर सांडलेला भात. मुलांना शिस्त नाही असा निष्कर्ष लगेच काढला जातो आणि परिपाठाला आणखी एक भाषण होते. या शाळेत रोज कोणता कचरा, किती, कुठून येतो आणि डब्यातून निघाल्यावर तो कुठे जातो, हे मात्र कोणी मोजलेले नसते.

कायद्याच्या बाजूने गोष्ट स्पष्ट आहे. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा जिथे तयार होतो तिथेच वेगळा करणे बंधनकारक केले. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रकार आहेत. फुटके बल्ब, जुनी औषधे, रंगाचे डबे हे चौथ्यात येतात. नियम प्रकार सांगतो. आपल्या शाळेत तो कसा पाळायचा हे शाळेलाच शोधावे लागते, आणि ते शोधण्यासाठी आठ आठवड्यांचा विद्यार्थी प्रकल्प पुरतो. पहिल्या आठवड्यात फक्त मोजायचे, मधल्या सहांत एकेक गोष्ट बदलायची आणि शेवटच्या आठवड्यात पुन्हा तसेच मोजायचे.

हिशेब समजावा म्हणून तालुक्याच्या गावातली पाचवी ते दहावीची एक शाळा डोळ्यांसमोर धरू. पट ४८०, बारा तुकड्या, आठवीपर्यंतच्या ३०० मुलांना शाळेत पोषण आहार. प्रत्येक वर्गात एक डबा, व्हरांड्यात हिरव्या-निळ्या डब्यांच्या चार जोड्या. पुढचे आकडे या नमुना शाळेचे आहेत. प्रत्येक शाळेचे वेगळे निघतील, आणि ते वेगळे निघतात म्हणूनच मोजणी करायची.

पहिला आठवडा: ताडपत्रीवरची मोजणी

मोजणीला साहित्य थोडे लागते. एक मोठी ताडपत्री, रबरी हातमोजे, मास्क, चिमटे, हुकाला लटकवायचा डिजिटल काटा, हलक्या वस्तूंसाठी स्वयंपाकघरातला छोटा काटा, सहा गोण्या आणि एक जाड वही. सहाही गोण्या आधी रिकाम्या तोलून त्यांचे वजन त्यांच्यावरच खडूने लिहायचे, म्हणजे नंतर ते वजा करता येते.

मोजणी सोमवार ते शनिवार, पूर्ण सहा दिवस हवी. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवसाचा कचरा वेगळा असतो. एकाच दिवसाच्या मोजणीवर विसंबले तर नेमका तो दिवस कोणाच्या तरी वाढदिवसाच्या चॉकलेटांचा निघू शकतो. सण, स्नेहसंमेलन आणि परीक्षेचा आठवडा टाळावा. आणखी एक पथ्य म्हणजे या सहा दिवसांत मुलांना कोणतीही सूचना द्यायची नाही. मोजणी सुरू आहे हे कळले की वागणूक बदलते आणि पाया खोटा पडतो. म्हणून मोजणी शाळा सुटल्यावर, वीस-बावीस मुलांच्या गटाने आणि दोन शिक्षकांनी करावी.

डबे एकेक करून रिकामे करायचे, सगळे एकदम नाहीत. नववी ‘ब’चा डबा ताडपत्रीवर उलटला, की मुले चिमट्याने सहा ढीग करतात. ओला, कागद-पुठ्ठा, भंगारवाला घेईल असे प्लास्टिक आणि धातू, कोणी घेणार नाही अशी पाकिटे, झाडलोटीची धूळ-भुसा आणि विशेष काळजीचा. शेवटच्या ढिगात संपलेले सेल, ट्यूबचे तुकडे किंवा प्रयोगशाळेची बाटली दिसली तर मुलांनी हात लावायचा नाही, शिक्षकांनीच उचलायचे. मुलींच्या स्वच्छतागृहातला कचरा या मोजणीत कधीच उघडायचा नाही. तो कागदात गुंडाळून, खूण करून, वेगळ्या बंद डब्यातून जायला हवा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची पद्धत रुजवण्याचा प्रयत्न केला, तो याच कारणाने. कचरा हाताळणाऱ्या बाईला आत काय आहे ते न उघडताच कळते.

पाकिटांच्या ढिगापाशी काटा फसवतो. एक पाकीट काट्यावर जवळजवळ शून्य दाखवते. म्हणून शंभर मोजून एकत्र तोलायची. समजा २०० ग्रॅम भरली. आठवड्याचा ढीग ४ किलोचा असेल तर पाकिटे झाली सुमारे २०००, म्हणजे दर मुलामागे आठवड्याला चार. वजनात नगण्य वाटणारी गोष्ट मोजल्यावरच खरी दिसते.

आवारातला पालापाचोळा बेरजेत धरू नये. तो ऋतूप्रमाणे दसपट वाढतो-घटतो आणि बाकीचे सगळे आकडे झाकून टाकतो. त्याची नोंद वेगळी ठेवावी, तो पुढे खताला कामी येतो.

आपल्या नमुना शाळेत सहा दिवसांचा एकूण कचरा निघाला ८० किलो. त्यात ओला ४०, कागद-पुठ्ठा २०, विकाऊ प्लास्टिक-धातू ४, पाकिटे ४, धूळ-भुसा ११ आणि विशेष काळजीचा १ किलो. निम्मा कचरा ओला, पाव कागद. या एका ओळीनेच प्रकल्पाची दिशा ठरते. प्लास्टिकवर घोषणा रंगवण्यापेक्षा आधी जेवणाच्या सुट्टीकडे पाहायला हवे.

कोणता आकडा महत्त्वाचा?

शाळांचे कचरा प्रकल्प बहुतेक वेळा ‘किती किलो प्लास्टिक गोळा केले’ या आकड्यावर चालतात. हे लक्ष्य मी ठामपणे चुकीचे मानतो. वर्गावर्गांत स्पर्धा लावली की मुले घरच्या आणि शेजारच्या बाटल्या पोत्यात भरून आणतात. आकडा वाढतो, शाळेचा डबा होता तसाच राहतो. वर्गीकरण जमले की नाही हे सांगणारा आकडा एकच आहे: डब्यात चुकीचे काय आणि किती पडले.

दोन डब्यांसाठी तो दोन रीतींनी मोजावा लागतो. निळ्या डब्यात वजन चालते. नमुना शाळेच्या निळ्या डब्यांत आठवड्याला २० किलो कचरा पडला, त्यातला ७ किलो उष्टा आणि धूळ होता. म्हणजे चूक ३५ टक्के. भाताचा एक गोळा निळ्या डब्यात पडला की आजूबाजूचा कागद ओला होतो आणि भंगारवाला तो रद्दीत घेत नाही. त्यामुळे इथली चूक आपल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त माल वाया घालवते.

हिरव्या डब्यात वजन दिशाभूल करते. १० किलो ओल्या कचऱ्यात प्लास्टिकचे १५० तुकडे असले तरी ते भरतात जेमतेम ३०० ग्रॅम, म्हणजे ३ टक्के. वहीत आकडा छान दिसतो, पण त्या खतातून १५० तुकडे वेचायला बसावे लागते. म्हणून हिरव्या डब्यात तुकडे मोजायचे, ग्रॅम नव्हे.

मोजणीतला तिसरा भाग फाटकापाशी आहे आणि तोच हमखास सुटतो. व्हरांड्यातले डबे रिकामे करून घंटागाडीपर्यंत कचरा नेणाऱ्या मावशींच्या हातात एकच गोणी असते. हिरवा डबा त्यात, निळाही त्यातच. मुलांनी केलेले वर्गीकरण वीस पावलांत संपते. हे पाहण्यासाठी घंटागाडी येण्याआधी फाटकावरची गोणी उघडायची. ती मिश्र असेल तर डब्यांपाशी केलेले कोणतेही काम वाया जाणार, हे पहिल्याच आठवड्यात कळलेले बरे.

कोणाचे काम काय

मुलांच्या भूमिका ठरवताना प्रत्येक भूमिकेला एक नोंदवही द्यावी. नुसत्या बिल्ल्याने काही होत नाही. प्रत्येक तुकडीतून दोघे वर्गप्रतिनिधी, ते मधल्या सुट्टीनंतर आपल्या वर्गाच्या डब्यात काय चुकले ते लिहितात. सहा जणांचा वजन गट दर बुधवारी आणि शनिवारी तोलतो. चार जणांचा हिशेब गट आकडे तक्त्यावर मांडतो आणि भंगाराची पावती जपतो. चार जण फाटकापाशी गोणी तपासतात. सहा जण खताचे ड्रम पाहतात. दोघे दर दिवशीची हजेरी आणि पोषण आहाराचा पदार्थ लिहून ठेवतात. ही शेवटची वही सगळ्यांत कंटाळवाणी वाटते, पण अहवाल तिच्यावरच उभा राहतो.

हे वाटप हजेरी क्रमांकाने करावे आणि दर दोन आठवड्यांनी फिरवावे. आपल्याकडे कचऱ्याचे काम कोणत्या जातीच्या आणि झाडू कोणाच्या हातात द्यायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. शाळेत तेच न बोलता पुन्हा घडते. ताडपत्रीशी ठरावीक वस्तीतली मुले, झाडायला मुली आणि वही-पेन घेऊन ‘हुशार’ मुले. शिक्षकांनी पहिल्या दिवसाची यादी हातात घेऊन हे तपासलेच पाहिजे. ज्याने चिमटा धरला त्याने पुढच्या पंधरवड्यात हिशेब लिहायचा, आणि हिशेब लिहिणारीने चिमटा धरायचा. हा नियम मोडला तर प्रकल्पाने कचरा वेगळा केला असेल, पण मुलांनाही वेगळे केले असेल.

आणि सगळ्यांच्या आधी मावशींना विचारायचे. नमुना शाळेत समजा मुली वही घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

“मावशी, दोन गोण्या का नाही नेत तुम्ही?”

“हात दोनच आहेत गं बाळा. एका हातात डबा, एका हातात गोणी. आणि रोज आठ डबे. दुसरी गोणी कुठं धरू?”

उत्तरातच उपाय आहे. ओला कचरा सडतो, तो रोजच्या रोज न्यायला हवा. सुका सडत नाही. निळे डबे रोज रिकामे करायची गरजच नाही, बुधवारी आणि शनिवारी केले तरी चालते. मग रोज एकच गोणी, तीही फक्त ओल्याची, आणि आठवड्यातून दोन दिवस दुसरी, सुक्याची. मावशींचे काम कमी होते आणि दोन्ही कचरे एकत्र येण्याचा प्रसंगच उरत नाही.

एका आठवड्याला एकच लक्ष्य

पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवरून पुढची लक्ष्ये ठरतात. दर आठवड्याला एकच, आणि तेही वहीत मोजून दाखवता येईल असे.

दुसऱ्या आठवड्यात फाटकावरची गळती थांबवायची. लक्ष्य: सहाही दिवस फाटकावरची गोणी न मिसळलेली. याच आठवड्यात वर्गातले डबे बदलायचे. मिश्र डबा उचलून तिथे फक्त कागदासाठी खोका ठेवायचा, कारण वर्गात प्रामुख्याने कागदच निघतो. उष्टे आणि पाकिटे व्हरांड्यात. शार्पनरचा भुसा आणि खडूची धूळ यांना एक जुना डबा पुरतो.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्याचे लक्ष्य निळ्या डब्यातली चूक ३५ टक्क्यांवरून आधी २५ आणि मग २० टक्क्यांवर आणणे. इथे वर्गप्रतिनिधींच्या वह्या उपयोगी पडतात. चूक सगळीकडे सारखी नसते. आठपैकी दोन डब्यांत निम्मी चूक सापडली, तर ते डबे हात धुवायच्या नळाजवळ आहेत हे लक्षात येते. ताट घेऊन आलेले मूल जवळच्या डब्यात उष्टे टाकते, रंग बघत नाही. डब्याची जागा सहा फूट सरकवणे हा फलकापेक्षा चांगला उपाय असतो.

पाचव्या आठवड्यात हिरव्या डब्यातले तुकडे. आठवड्याला १५० होते, लक्ष्य ५०. या टप्प्यावर खताचे ड्रम सुरू करता येतात. ओल्याच्या एका थरावर त्याच्या दीडपट ते दुप्पट वाळलेला पाला, आठवड्यातून एकदा वरखाली. आंबट किंवा कुजका वास आला तर पाणी जास्त झाले किंवा हवा कमी पडली असे समजून पाला वाढवायचा. शिजलेला भात एकटा टाकला की हमखास वास येतो, म्हणून तो थोडा-थोडा आणि पाल्यात मिसळून. खत तयार व्हायला दोन ते तीन महिने लागतात. आठ आठवड्यांच्या अहवालात तयार खताचा फोटो दिसला, तर तो ड्रम प्रकल्पाच्या आधीचा आहे हे ओळखावे.

सहावा आठवडा उष्ट्याचा, आणि माझ्या मते हाच प्रकल्पाचा गाभा. ४० किलो ओल्या कचऱ्यातले ३० किलो पोषण आहाराचे उष्टे होते. दिवसांप्रमाणे ते मांडले तर सोमवार ४, मंगळवार ९, बुधवार ३, गुरुवार ५, शुक्रवार ६ आणि शनिवार ३ किलो. मंगळवारच का? पदार्थ आवडत नसेल हा पहिला अंदाज. पण हजेरी-पदार्थांची वही उघडली तर मंगळवारी मटकीची उसळ आणि भात होता, आणि त्याच बेताच्या दुसऱ्या एका दिवशी उष्टे बेताचेच होते. फरक वेळेचा निघाला. मटकी शिजायला वेळ लागला, वाढप उशिरा सुरू झाले आणि शेवटच्या पंगतीला दहा मिनिटांत घंटा झाली. मुलांनी अन्न टाकले, कारण खायला वेळ नव्हता. उपाय स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी सांगितला: मटकी आदल्या दिवशी भिजत घालायची आणि त्या दिवशी लहान वर्गांची पंगत आधी बसवायची. सोबत वाढण्याची रीतही बदलायची, आधी थोडे वाढायचे आणि मागेल त्याला पुन्हा. ‘अन्न टाकू नका’ हा फलक या ९ किलोंना कधीच पोहोचला नसता.

सातवा आठवडा पाकिटांचा. ही पाकिटे थरांच्या प्लास्टिकची असतात, बहुतेक ठिकाणी भंगारवाला घेत नाही. ती वेगळी करून ठेवली तरी जायला जागा नसते. शाळेजवळच्या दुकानदारावर मुलांची सत्ता चालत नाही, म्हणून इथे लक्ष्य लहान ठेवावे: दोन हजारांवरून सतराशेवर. आठवड्यातला एक दिवस सुट्टीत फुटाणे-शेंगदाणे कागदी पुडीत किंवा घरच्या डब्यातून, एवढे जमते. त्याहून मोठे वचन अहवालात खोटे पडते.

शेवटचा आठवडा आणि अहवाल

आठव्या आठवड्यात पहिल्याचीच मोजणी पुन्हा करायची. तीच ताडपत्री, तेच सहा ढीग, तेच सहा वार, पुन्हा गुपचूप. पद्धत थोडी जरी बदलली तरी तुलना मोडते.

नमुना शाळेत या वेळी एकूण ६२ किलो भरले. ८०चे ६२ झाले, म्हणजे साडेबावीस टक्के घट, असे लिहून टाळ्या घेता येतील. इथे हजेरीची वही उघडायची. पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ४३२ मुले होती, शेवटच्या आठवड्यात शेतीच्या कामांमुळे ३६०. दर मुलामागे रोजचा हिशेब केला तर आधी सुमारे ३१ ग्रॅम आणि आता सुमारे २९. खरी घट सात टक्के. उरलेली घट शाळेत न आलेल्या मुलांची होती.

सात हा आकडा छोटा आहे, पण तो खरा आहे, आणि अहवालात तोच यायला हवा. त्याच्या शेजारी दुसरे दोन आकडे ठेवायचे. निळ्या डब्यांत आता आठवड्याला २५ किलो पडले आणि त्यातले चुकीचे ३ किलो, म्हणजे ३५ टक्क्यांवरून १२. हिरव्या डब्यातले तुकडे १५०वरून २८. कोरडा राहिलेला १३ किलो कागद रद्दीत गेला, जो आधी पूर्ण घंटागाडीत जात होता. या तीन ओळी एकत्र वाचल्या की निष्कर्ष आपोआप निघतो: शाळेचा कचरा फारसा कमी झालेला नाही, पण तो नीट वेगळा होऊ लागला आहे. पुढच्या वेळी कोणत्या बाजूने जोर लावायचा, हेही त्यातच आले.

अहवाल पाच-सहा पानांचा पुरे. पहिल्या पानावर आधी-नंतरचा तक्ता, दुसऱ्यावर मोजणी कशी केली ते, इतके नेमके की दुसऱ्या शाळेला तसेच करता यावे. पुढे आठवड्यांची लक्ष्ये आणि प्रत्यक्षात काय झाले, जमलेले आणि फसलेले दोन्ही. नमुना शाळेत पाकिटे दोन हजारांवरून सतराशेऐवजी अठराशेवरच थांबली, तर तसेच लिहायचे. मग ज्यांनी काम केले त्यांची नावे, मावशी आणि स्वयंपाकाच्या ताईंसह.

हा अहवाल फलकावर चिकटवून थांबू नये. एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला, एक नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला जावी, आणि तिच्यासोबत एक नेमकी मागणी. घंटागाडीत सुक्या कचऱ्यासाठी वेगळा कप्पा नसेल तर आठवड्यातले दोन ठरलेले दिवस मागावेत. मागणीमागे आठ आठवड्यांचे वजन असले की ती टाळणे कठीण जाते.

अहवालाचे शेवटचे पान मात्र शाळेसाठी असते. जूनमध्ये दहावीची मुले गेलेली असतात, नववीची दहावीच्या अभ्यासात गुंततात, प्रकल्प पाहणाऱ्या बाईंची बदली होते आणि डबे पुन्हा मिश्र होऊ लागतात. त्या पानावर काटा कोणत्या कपाटात आहे, वह्या कोणाकडे आहेत, निळे डबे कोणत्या वारी रिकामे होतात, भंगारवाला कधी येतो आणि आठवीतल्या कोणत्या मुलांनी मोजणी शिकून घेतली आहे, एवढे लिहिलेले असावे. सातवी-आठवीतली मुले पहिल्या दिवसापासून प्रत्येक गटात असली, तर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा सहा दिवसांची मोजणी लावता येते. तिचा निळ्या डब्याचा आकडा १२ टक्क्यांच्या आसपास राहिला, तर प्रकल्प शाळेत रुजला. तो पुन्हा तिशीच्या पुढे गेला, तर आधी फाटकावरची गोणी उघडून पाहावी.